३० सप्टेंबरची दुपारपाळी

राजीनाम्याचा पहिला मसुदा मी रात्रपाळीतच लिहिला. पहाटेचे साडेतीन वाजले होते. आमच्या अतिदक्षता विभागातल्या बारा खाटांपैकी नऊ भरलेल्या होत्या. तीनच्या नोंदी चार्टवर चढवून झाल्या होत्या आणि चारच्या नोंदींना अजून वेळ होता. जुन्या डायरीची कोरी पानं फाडून मी लिहायला बसले आणि बघता बघता साडेतीन पानं भरली. पाच वर्षांत जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं त्यात उतरलं. पहिल्या मृत्यूनंतर कपडे बदलायच्या खोलीत किती वेळ बसून राहिले होते, कुणी काय शिकवलं, कुणाचे उपकार आहेत, रात्री एका सिस्टरकडे तीन-तीन रुग्ण येतात तेव्हा काय होतं, असं सगळंच. मी कुठल्या तारखेला जाणार हे मात्र साडेतीन पानांत एकदाच आलं होतं, तेही शेवटच्या ओळीत.

ते रुग्णालय एका विश्वस्त संस्थेचं, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातलं. बी.एस्सी. नर्सिंग झाल्यावर १ ऑक्टोबरला मी तिथे रुजू झाले आणि तेव्हापासून अतिदक्षता विभागातच होते. एम.एस्सी. नर्सिंगला जायचं हे मनात पहिल्यापासून होतं. त्यासाठी पदवीत पंचावन्न टक्के गुण आणि पदवीनंतर किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. वर्ष तर केव्हाच झालं होतं, पण घरचं कर्ज, मग धाकट्या भावाची फी, असं करत चार वर्षं आणखी गेली. शेवटी सीईटी दिली आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात मेडिकल सर्जिकल नर्सिंगला, क्रिटिकल केअर घेऊन, जागा मिळाली.

गावाकडे वडिलांनी एकच विचारलं, "दोन वर्षं रजा नाही का मिळत?" त्यांचा प्रश्न बरोबर होता. सरकारी सेवेतल्या परिचारिकांना सेवेत राहून शिकायला जाण्याची वाट असते. आमच्या संस्थेच्या नियमांत अभ्यासरजा नव्हती, आणि एम.एस्सी. हा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम, त्यामुळे तो करताना पूर्णवेळ नोकरी करता येत नाही. विनावेतन रजेसाठी मी तोंडी विचारून पाहिलं. जास्तीत जास्त तीन महिने, असं उत्तर आलं. तेव्हा राजीनामा हाच मार्ग उरला. तरीही जागा मिळाल्याची यादी लागेपर्यंत, मूळ कागद दाखवून प्रवेश पक्का होईपर्यंत मी विभागात कुणाला काही बोलले नव्हते. माझ्या आधीची एक सिस्टर प्रवेश मिळणारच या भरवशावर राजीनामा देऊन बसली आणि पुढच्या फेरीत तिचा नंबर गेला. तिला परत घेतलं, पण नव्याने रुजू म्हणून, पहिल्या पायरीच्या पगारावर.

साडेतीन पानांवरून मी दुसरा मसुदा केला, दीड पानाचा. तो घेऊन २४ ऑगस्टला मेट्रन मॅडमकडे गेले. द्यायला नाही, नुसता दाखवायला. मॅडमना नोकरीत एकतीस वर्षं झाली होती. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि मी समोर उभी असताना अख्खं पत्र वाचलं. मला वाटलं होतं, पहिलं वाक्य त्या "का जातेस" असं काहीतरी बोलतील. त्यांनी विचारलं, "२४ सप्टेंबरला तुझी कुठली ड्युटी आहे?"

मी पत्रात २४ सप्टेंबर हा शेवटचा दिवस लिहिला होता. नेमणूकपत्रात एक महिन्याची, म्हणजे तीस दिवसांची, पूर्वसूचना होती. पत्र २५ ऑगस्टला दिलं तर २६पासून मोजून तीस दिवस २४ सप्टेंबरला भरत होते. हिशेब बरोबर होता. पण सप्टेंबरचं ड्युटी-पत्रक अजून लागलंच नव्हतं, त्यामुळे २४ला माझी कुठली पाळी असेल हे मला माहीत नव्हतं.

"मलाही माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "कारण ते मी परवा करणार आहे. तू २४ला गेलीस, तर २५ ते ३० सहा दिवस तुझ्या जागी कुणाला घालू? त्या सहा दिवसांसाठी दोघींचे ऑफ मोडावे लागतात. एकीची रात्रपाळी वाढते. ती पाळी माझ्यावर येत नाही गं, तुझ्याच मैत्रिणींवर येते."

हे मला खरंच सुचलं नव्हतं. पूर्वसूचना ही कार्यालयाला द्यायची गोष्ट, असंच मी धरून चालले होते. विभागात माणसं महिन्याच्या तक्त्यावर चालतात. सकाळी आठ ते दोन चौघी, दोन ते आठ चौघी, रात्री तिघी, रात्रपाळीनंतरचे ऑफ, कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाची सासू आजारी. हा तक्ता दर महिन्याच्या २६-२७ तारखेला बनतो आणि २८ला फळ्यावर लागतो. एकदा लागला की त्यातलं एक नाव काढणं म्हणजे विणलेल्या कापडातला धागा ओढण्यासारखं आहे. त्यामुळे पत्र तक्ता बनायच्या आत पोचणं आणि शेवटचा दिवस महिन्याच्या शेवटच्या दिवशी येणं, एवढं जमलं तर विभागाला खरी पूर्वसूचना मिळते. तीस दिवसांचा नियम पाळूनही मी चुकीच्या दिवशी जाऊ शकले असते.

मी ३० सप्टेंबर केलं. त्याखालच्या ओळीवर मॅडमची पेन्सिल पुन्हा थांबली. मी लिहिलं होतं, "३० सप्टेंबरच्या कार्यालयीन वेळेनंतर मला कार्यमुक्त करावे." हे वाक्य मी एका तयार नमुन्यावरून घेतलं होतं. परिचारिकेला कार्यालयीन वेळ कुठली? ३०ला रात्रपाळी लागली तर ती १ ऑक्टोबरच्या सकाळी आठला संपणार. हजेरीपटावर ती सही ३० तारखेखाली पडते, पण त्या सकाळी आठपर्यंत विभागात जे काही घडेल, त्याची जबाबदारी कार्यमुक्त झालेल्या बाईवर की कामावरच्या? औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात असताना माझी नोकरी संपलेली असेल, अशी वेळ आली असती. मॅडमनी तिथे पेन्सिलीने लिहिलं, "३० सप्टेंबरची दुपारपाळी पूर्ण करून." आणि म्हणाल्या, "तुला त्या दिवशी दुपारच देते."

तिसरी ओळ सगळ्यात निरुपद्रवी दिसत होती, "तरी मला शक्य तितक्या लवकर कार्यमुक्त करावे ही विनंती." तीही नमुन्यातलीच. मॅडमनी ती सरळ खोडली. त्यांनी सांगितलं, हे वाचून कार्यालयाने तुला उद्याच मोकळं केलं तर तुला तक्रार करता येणार नाही, कारण लवकर सोडा असं तूच लिहून दिलंस. महिन्याचा पगार जाईल, आणि विभागालाही एक महिना आधी माणूस कमी होईल. तारीख एकदा लिहिली की तिच्याभोवती सैल वाक्य ठेवायचं नाही.

उरली ती दीड पानातली बाकीची भर. त्यात रात्रीच्या संख्येबद्दल एक मोठा परिच्छेद होता. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक परिचारिका असावी हे आम्ही पहिल्या वर्षापासून शिकतो. आमच्याकडे रात्री तिघी असायच्या आणि नऊ-दहा रुग्ण, त्यातले चार-पाच व्हेंटिलेटरवर. हे मला बोलायचंच होतं. मॅडमनी तो परिच्छेद दोनदा वाचला आणि बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हे खरं आहे. पण इथे लिहू नकोस. इथे लिहिलंस तर वाचणारा म्हणेल, ही नाराज होती म्हणून गेली. तुझी फाईल बंद होईल आणि हे पानही तिच्यातच बंद होईल. वेगळा अर्ज कर. नोकरीत असतानाच्या तारखेचा."

मला ते पटायला एक रात्र लागली. तोवर वाटत होतं, जाताना तरी मनातलं बोलू नये का? पण विचार केला तर तक्रार विभागाची होती, माझी एकटीची नव्हती, आणि मी गेल्यावरही ती तिथे राहणार होती. राजीनाम्यात घातली असती तर ती माझ्या जाण्याचं कारण ठरली असती, आणि मी तर शिकायला जात होते. मी वेगळा अर्ज केला. पाळीच्या नोंदवहीतून जून, जुलै आणि ऑगस्टच्या रात्री काढल्या. प्रत्येक रात्री किती रुग्ण, किती व्हेंटिलेटरवर, किती जणी ड्युटीवर, वहीच्या पानाच्या क्रमांकासकट मांडलं. विशेषण एकही वापरलं नाही. तो अर्ज २९ ऑगस्टला दिला. त्यावर ऑक्टोबरपासून रात्रीला चौथी सिस्टर मिळाली, पण रुग्ण आठच्या वर असतील तरच. मला ते पुरेसं वाटत नाही, आजही नाही.

शेवटी जे पत्र २५ ऑगस्टला गेलं ते एवढंच होतं :

"प्रति, मा. अधिसेविका यांस. मार्फत : परिसेविका, अतिदक्षता विभाग. विषय : उच्च शिक्षणासाठी सेवेचा राजीनामा. महोदया, मी या रुग्णालयात १ ऑक्टोबरपासून सलग पाच वर्षे अधिपरिचारिका म्हणून अतिदक्षता विभागात काम करीत आहे. माझी एम.एस्सी. नर्सिंग या दोन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमासाठी निवड झाली असून प्रवेशपत्राची प्रत सोबत जोडली आहे. त्यामुळे मी सेवेचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रातील अटीनुसार तीस दिवसांची पूर्वसूचना आवश्यक आहे. विभागाच्या ड्युटी-पत्रकाची सोय पाहून मी ३० सप्टेंबरची दुपारपाळी पूर्ण करून कार्यमुक्त होऊ इच्छिते. या काळात माझ्याकडील साहित्य व नोंदवह्या सुपूर्द करीन आणि माझ्या जागी येणाऱ्या परिचारिकेला विभागाचे काम दाखवीन. या काळात मी रजा घेणार नाही. कार्यमुक्तीचे पत्र व अनुभव प्रमाणपत्र मिळावे ही विनंती. अतिदक्षता विभागाने मला हे काम शिकवले, त्याबद्दल मी सर्वांची ऋणी आहे. आपली नम्र."

साडेतीन पानांतला कृतज्ञतेचा भाग एका वाक्यावर आला. ते वाक्य मात्र मी कुणालाही खोडू दिलं नसतं. "सलग पाच वर्षे" हे शब्दही मी मुद्दाम काही ठरवून लिहिले नव्हते. बोलताना आपण म्हणतो तसंच लिहून गेले. त्यांचं वजन लेखा विभागात कळलं.

पत्राच्या दोन प्रती होत्या. आवक विभागाने एकीवर शिक्का, क्रमांक आणि तारीख टाकून ती मला परत दिली. पूर्वसूचनेचे दिवस त्या शिक्क्यापासून मोजतात, पत्रावर आपण घातलेल्या तारखेपासून नाही. म्हणून ती प्रत हातात घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. ती दाखवायला लेखा विभागात गेले तेव्हा तिथल्या काकांनी माझी रुजू तारीख बघितली, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि म्हणाले, "सिस्टर, ३० तारीख तुम्ही काढलीत की कुणी सांगितली?" मॅडमनी सांगितली, म्हटलं. "मग त्यांना नमस्कार करा."

ग्रॅच्युइटीचा १९७२चा कायदा आमच्या सेवेला लागू होता आणि त्याप्रमाणे पाच वर्षांची सलग सेवा लागत होती. १ ऑक्टोबरला रुजू झालेल्या माणसाची पाच वर्षं ३० सप्टेंबरला भरतात. मी २४ला गेले असते तर सहा दिवस कमी पडले असते. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की पुरे, असं म्हणून न्यायालयात गेलेली माणसं आहेत आणि त्यांच्या बाजूने निकालही लागलेले आहेत. पण आमची संस्था पूर्ण पाच वर्षंच धरायची, आणि शिकायला जाणाऱ्या मुलीकडे न्यायालयात जायला ना वेळ असतो ना पैसे. काकांनी हिशेब कागदाच्या कोपऱ्यावर करून दाखवला. माझं मूळ वेतन, महागाई भत्त्यासह, चौदा हजार तीनशे. त्याला सव्वीसने भागलं की रोजचे साडेपाचशे. दर वर्षामागे पंधरा दिवस, म्हणजे आठ हजार दोनशे पन्नास. पाच वर्षांचे एकेचाळीस हजार दोनशे पन्नास. माझ्या वसतिगृहाचं वर्षाचं भाडं त्यातून सुटत होतं. विभागाची अडचण होऊ नये म्हणून बदललेल्या तारखेने ते मला मिळालं. हे मी संध्याकाळी मॅडमना सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "मला तुझी रुजू तारीख पाठ आहे." एवढं बोलून त्यांनी पुढची फाईल उघडली.

रजा घेणार नाही असं मी लिहून दिलं खरं, पण त्या सप्टेंबरमध्ये गौरी-गणपती होते. आमच्याकडे गौरीला माहेरवाशिणी आणि लेकी सगळ्या जमतात, आणि मी जुलैतच तीन दिवस मागून ठेवले होते. पूर्वसूचनेच्या काळात रजा घेतली तर तेवढे दिवस पुढे ढकलले जातात, असा आमच्याकडचा नियम. माझं पुढे ढकललं गेलं असतं तर ३ ऑक्टोबरला महाविद्यालयात हजर होणं अवघड झालं असतं. मी रजा रद्द केली. ते तीन दिवस एका मैत्रिणीला मिळाले, तिच्या घरी लग्नानंतरच्या पहिल्या गौरी होत्या. आईला फोनवर सांगताना मात्र माझा आवाज गेला.

त्या महिन्यात मी खरं काम केलं ते नव्या सिस्टरबरोबर. ती ४ सप्टेंबरला आली. वॉर्डचा दोन वर्षांचा अनुभव होता, अतिदक्षतेचा नव्हता. मी तिच्यासाठी शंभर पानी वही केली. यंत्रांची माहिती कंपनीच्या पुस्तिकेत असते, औषधांची पुस्तकात असते. या दोन्हींत जे सापडत नाही ते मी त्या वहीत लिहीत गेले. त्यातली एकच गोष्ट इथे सांगते, कारण तिच्यासाठी मला तीन रात्री लागल्या.

रक्तदाब टिकवायला नॉरॲड्रेनॅलिन पंपावरून चालू असतं. पन्नास मिलीची सिरिंज, ताशी पाच मिलीचा वेग, म्हणजे दहा तासांनी सिरिंज बदलायची वेळ येते. काम सोपं वाटतं. जुनी काढायची, नवी बसवायची, बटण दाबायचं. नव्या सिस्टरने १२ तारखेच्या रात्री तसंच केलं. न्यूमोनियाचा जंतुसंसर्ग रक्तात गेलेला, पन्नाशीचा रुग्ण. धमनीतल्या नळीवरून रक्तदाब पडद्यावर सतत दिसत होता, वरचा आकडा एकशे आठ. सिरिंज बदलली, पंप सुरू झाला, हिरवा दिवा लागला, वेग पाच दिसत होता. कुठलाही गजर नाही. आणि आकडा नव्वद, ऐंशी, चौथ्या मिनिटाला सहासष्ट.

कारण असं असतं. नवी सिरिंज पंपात बसवली की तिचा दट्ट्या आणि त्याला ढकलणारा पंपाचा भाग यांच्यात केसभर फट राहते. ताशी पाच मिली म्हणजे मिनिटाला जेमतेम दीड थेंब. त्या वेगाने ती फट बुजायलाच काही मिनिटं जातात. पंपाचा पडदा औषध जात असल्याचं सांगतो, पण रुग्णापर्यंत काही पोचत नसतं. आणि हे औषध रक्तात दोन-तीन मिनिटांच्या वर टिकत नाही. घाबरून सिरिंज हाताने दाबली किंवा वेग दुप्पट केला, तर फट बुजल्याबरोबर एकदम जास्त औषध जातं आणि आकडा दोनशेकडे धावतो. तिने हात पुढे केला होता. मी तो धरला. दुसऱ्या पंपावर जुनी सिरिंज परत चढवली, तिच्यात तीन मिली शिल्लक होते. त्या पंपाची फट आधी नळी उघडी ठेवून, थेंब बाहेर पडेपर्यंत काढली आणि मग जोडली. डॉक्टर तोवर पोचले होते. आकडा शंभरावर यायला सहा मिनिटं लागली.

त्यानंतर दोन रात्री आम्ही दोघींनी मिळून बदललं, जसं बदलायला हवं तसं. सिरिंज संपायच्या अर्धा तास आधी नवी भरायची, नाव-मात्रा-वेळ लिहून दुसऱ्या पंपात बसवायची, टोकाशी थेंब दिसेपर्यंत पंपानेच पुढे ढकलायची. मग तीनतोंडी तोटीला जोडून त्याच वेगाने सुरू करायची आणि नजर पंपावर न ठेवता रक्तदाबावर ठेवायची. आकडा जरा वर चढू लागला की नवी सिरिंज पोचली. तेव्हा जुनी बंद. तिसऱ्या रात्री तिने माझ्याशिवाय केलं, मी पडद्याआड उभी होते. आकडा एकशे चारवरून एकशे बारा झाला आणि एकशे सहावर आला.

मी शिकायला का जाते आहे याचं उत्तर मला त्या रात्री नीट देता आलं असतं. ही फटीची गोष्ट मला एका ज्येष्ठ सिस्टरने तिसऱ्या वर्षी सांगितली होती. पहिली दोन वर्षं मीही नुसती जुनी काढून नवी बसवत होते, आणि रुग्णाचा आकडा पडला की तो रुग्ण अस्थिर आहे असं चार्टवर लिहीत होते. माझ्या त्या नोंदी अजून कुठल्यातरी दप्तरात असतील. माझ्यासारख्या मुलींना हे पहिल्या आठवड्यात कळायला हवं, आणि ते शिकवायचं तर मला आधी पूर्ण शिकायला हवं. पत्रात यातलं काही नव्हतं, आणि ते तिथे नसणं मला आता बरोबर वाटतं.

शेवटच्या आठवड्यात ना-हरकतीचा कागद फिरवला. भांडार, औषध विभाग, कपडे विभाग, ग्रंथालय, वसतिगृह, उपाहारगृह, लेखा. बहुतेक सह्या दोन दिवसांत झाल्या. भांडारात अडलं. विभागाच्या साहित्याच्या वहीत दोन वर्षांपूर्वी माझ्या सहीने घेतलेला हातातला ऑक्सिमीटर होता आणि तो सापडत नव्हता. रुग्णवाहिकेतून रुग्ण हलवताना तो बरोबर गेला असणार असं वाटून मी रुग्णवाहिकेच्या चालकदादांकडे गेले. सीटखालच्या डब्यात तो होता, बॅटऱ्या गळून गंजलेल्या. भांडारपालांनी तो तसाच जमा करून घेतला आणि सही केली. वस्तू आपल्या सहीने घेतली असेल तर दुसऱ्याला देतानाही वहीत लिहायचं, हे मी नव्या सिस्टरच्या वहीत त्याच दिवशी घातलं.

३० तारखेला दुपारी दोनला ड्युटीवर गेले. सात रुग्ण होते. बाराव्या खाटेवरच्या आजींची नळी सकाळीच काढली होती आणि त्या पाणी मागत होत्या. संध्याकाळी साडेसातला आम्ही खाटेखाटेजवळ उभं राहून पाळी सोपवायला सुरुवात केली. रात्रीला येणारी तीच नवी सिस्टर होती. नाव, निदान, काय चालू आहे, किती वाजता काय द्यायचं, नातेवाइकांशी काय बोलणं झालं. मग नियंत्रित औषधांचं कपाट. फेंटानिलच्या कुप्या तिने मोजल्या, मी मोजल्या, चौदा. मॉर्फिनच्या सहा. वापरलेल्या रिकाम्या कुप्या दोन, वहीतल्या नोंदीशी जुळल्या. दोघींच्या सह्या झाल्या, वेळ आठ वाजून दहा मिनिटं. किल्ली मी तिच्या हातात दिली आणि तिने ती सवयीने खिशाच्या पिनेला अडकवली. हजेरीपटावर सही करताना परिसेविका सिस्टरनी माझ्या नावापुढच्या ऑक्टोबरच्या रकान्यांवर आडवी रेघ ओढली.

कार्यमुक्तीचं पत्र आणि अनुभव प्रमाणपत्र दुसऱ्या दिवशी दुपारी मिळालं. खिडकीशी उभं राहून मी ते वाचलं. विभाग बरोबर, पद बरोबर, खाटांची संख्या बरोबर, पूर्णवेळ हा शब्दही होता. अखेरची तारीख मात्र २९ सप्टेंबर पडली होती. ३०च्या दुपारपाळीची सही पटाची नोंद कार्यालयात गेल्यावर, रात्री झाली होती, त्यामुळे टंकलेखकांना ती दिसलीच नव्हती. एका दिवसाने पाच वर्षं मोडत होती. मी वर जाऊन हजेरीपटाचं ते पान आणलं. त्यांनी ते बघितलं, काही न बोलता जुना कागद फाडला आणि नवा घातला. सही-शिक्क्यासाठी मॅडमकडे पुन्हा जावं लागलं. त्यांनी तारखेखाली बोट ठेवून एकदा वाचलं, सही केली आणि विचारलं, "एसटी कितीची?" पावणेसहाची, म्हटलं. "मग बस जरा, चहा घे," त्या म्हणाल्या.